फॉर्मवर ‘काही नाही’ लिहिलंस ते खोड: आपल्या घरातल्या गाठी आणि लवकर गेलेली पाळी

बाळा,

परवा तू फोनवर सहज बोलून गेलीस की डॉक्टरकडे फॉर्म भरताना ‘कौटुंबिक इतिहास’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहून दिलं, आणि ते माझ्या डोक्यातून दोन दिवस जाईना. कारण काही नाही असं नाहीये, बरंच आहे, फक्त तुला कोणी सांगितलं नाही आणि ते कोणी म्हणजे मीच. फोनवर सांगायला गेले की तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि मी भलतीकडेच जाते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. तू काय काय विचारशील ते मला माहितीच आहे, तेही त्या त्या जागी घेतलंय.

आधी कोणाचं काय झालं ते

आपल्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकलं, ‘आपल्याकडे बायकांची चाळिशीतच जाते’. आजी म्हणायची, मावशी म्हणायची, पुढे मीही म्हणायला लागले. आजीची पाळी 38 व्या वर्षी बंद झाली, मावशीची 41 व्या, माझी 42 व्या. तिघींची गेली, तिन्ही वेळा चाळिशीच्या आसपास, म्हणजे घराण्यातच आहे, असा सरळ हिशोब.

हा हिशोब अर्धा चूक आहे हे मला फार उशिरा कळलं. आजीची पाळी गेली नव्हती, तिची गर्भपिशवी काढली होती. गाठींमुळे. मावशीची आपणहून गेली आणि तिला गाठींचा त्रास कधीच नव्हता. आणि मला दोन्ही, गाठीही होत्या आणि पाळीही आपणहून लवकर गेली. म्हणजे एका वाक्यात आम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या, आणि त्या सुट्या केल्याशिवाय तुझ्या वाट्याला त्यातलं काय येऊ शकतं ते कळणार नाही.

पाळी जाते म्हणजे आत काय होतं

सलग 12 महिने पाळी आली नाही, आणि त्याला गरोदरपण, औषध वगैरे दुसरं कारण नाही, की डॉक्टर म्हणतात मेनोपॉज झाला. साधारणपणे हे पन्नाशीच्या आगेमागे होतं. 40 ते 45 मध्ये झालं तर लवकर म्हणतात, 100 मधल्या साधारण 5 बायकांचं होतं. 40 च्या आधी अंडाशय थंडावले तर ते वेगळंच प्रकरण, त्याचा तपासही वेगळा करतात.

आता अंडाशय, म्हणजे ओव्हरी, ही काडेपेटीसारखी समज. मुलगी जन्मते तीच भरलेली पेटी घेऊन, जन्मतः त्यात 10 ते 20 लाख स्त्रीबीजं असतात आणि नवीन काडी पुढे कधीच भरली जात नाही. पहिली पाळी येईपर्यंत 3-4 लाख उरतात. आयुष्यभरात प्रत्यक्ष पेटवल्या जातात त्या फक्त 400-500, बाकीच्या नुसत्या पेटीतल्या पेटीत सादळून जातात, महिन्याला शेकड्यांनी. हे सादळणं थांबत नाही, गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तरी नाही, दिवस गेले तरी नाही. मला आधी वाटायचं की गोळ्या घेऊन पाळी ‘वाचवली’ की ती पुढे जाते, तसं काही नसतं. पेटीत साधारण हजारभर उरल्या की हॉर्मोन बनवायला पुरत नाहीत आणि पाळी थांबते.

मग कोणाची लवकर का जाते? एक तर पेटी कमी भरलेली असते, नाहीतर सादळायचा वेग जास्त असतो. दोन्ही बऱ्याच प्रमाणात जन्मातून येतं. सिगरेटने वेग वाढतो, साधारण एक-दोन वर्षं आधी जाते. केमो, किरणं, अंडाशयावरचं ऑपरेशन यानेही पेटी रिकामी होते.

मग आजीची का मोजायची नाही?

आजी गेल्यावर तिच्या कागदांत मला ऑपरेशनचा पिवळा पडलेला कागद सापडला. त्यात लिहिलं होतं की पिशवी 14 आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी वाढलेली (पिशवीचा आकार असाच सांगतात, आठवड्यांत), आत बऱ्याच गाठी, आणि काढलेल्या भागांत पिशवी, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशय.

तो शेवटचा शब्द वाचून मी बसूनच राहिले. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते पण अंडाशय काम करत राहतात, म्हणजे काडेपेटी आहे तशीच, फक्त ती पेटवायची चूल काढली. अंडाशयही काढले तर पेटीच गेली, आणि शरीराचं हॉर्मोन एका दिवसात बंद. आजीला 38 व्या वर्षी ऑपरेशननंतर अंगातून वाफा यायच्या, रात्र रात्र झोप नाही, चिडचिड, आणि घरात सगळे म्हणायचे हिला ऑपरेशन मानवलं नाही. मानवलं नाही काय, तिचा मेनोपॉज एका सकाळी केला होता आणि बदल्यात काही दिलं नव्हतं. साठीत ती वाकली ती उगाच नाही.

म्हणून आजीचं 38 हे वय ‘लवकर मेनोपॉज’ म्हणून तुझ्या हिशोबात येत नाही. ऑपरेशन झालं नसतं तर तिची आपणहून कधी गेली असती ते आता कोणालाच सांगता येणार नाही. येतं ते गाठींचं. तिला 38 पर्यंत एवढ्या गाठी झाल्या होत्या की पिशवी काढावी लागली, हे तुझ्या कामाचं.

अजून एक. पिशवी काढून अंडाशय ठेवले तरी ते पूर्ण निर्धास्त नसतात. अंडाशयाला होणारा रक्तपुरवठा काही अंशी पिशवीच्या रक्तवाहिनीतूनच येतो, त्यामुळे अशा बायकांचे अंडाशय काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळी तर आधीच बंद त्यामुळे ते कळतही नाही. तुला आयुष्यात कधी कोणी पिशवी काढा म्हणालं तर ‘अंडाशयांचं काय करणार’ हा प्रश्न वेगळा विचारायचा. एका सहीत दोन्ही उरकू द्यायचं नाही. कधी काढायला खरंच कारण असतं, पण ते कारण तुला तोंडाने सांगितलेलं असलं पाहिजे.

गाठी म्हणजे काय, आणि कॅन्सर तर नाही ना?

फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या भिंतीत वाढणारी स्नायूची गाठ. भिंतीतली एक पेशी बिघडते आणि तिचीच पिल्लावळ वाढत जाऊन गोळा होतो. कॅन्सर नाही. पिशवीच्या स्नायूचा कॅन्सर असतो पण फार क्वचित, आणि तो साध्या गाठीचं रूपांतर होऊन होतो असं सहसा मानत नाहीत. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही जी पाळीची दोन हॉर्मोन, त्यांच्यावर ही गाठ पोसते, म्हणून पाळी गेल्यावर सुकायला लागते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, पाळी गेल्यावर एखादी गाठ नव्याने दिसली किंवा वाढायला लागली तर ते उलटं आहे, लगेच दाखवायचं.

पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना कुठे ना कुठे गाठ सापडते, बहुतेकींना पत्ताही नसतो. त्यामुळे सोनोग्राफीत ‘फायब्रॉइड’ शब्द दिसला म्हणून हादरायचं नाही. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. मोठा दगड खिशात असला तरी माणूस चालतो, बारीक खडा चपलेत गेला की चालवत नाही. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला 5 सेंटिमीटरची गाठ असून काहीच त्रास नसतो, आणि आतल्या पोकळीत 2 सेंटिमीटरची असली तर रक्त थांबत नाही आणि दिवस राहायलाही अडचण होते. म्हणून रिपोर्ट हातात आला की किती मोठी हे नंतर वाच, कुठे आहे ते आधी.

मला 36 व्या वर्षी दोन सापडल्या, एक 4 सेंटिमीटरची भिंतीत आणि एक 2 ची आतल्या बाजूला. त्रास देणारी ती छोटी होती. पण सापडायला 36 वर्षं का लागली ते ऐक, कारण हे तुझ्याही बाबतीत होऊ शकतं.

मला पाळीत 8-9 दिवस जायचं. दर तासा-दीड तासाला पॅड, रात्री गजर लावून उठायचं, लिंबाएवढ्या रक्ताच्या गाठी पडायच्या. आणि मला ते नॉर्मल वाटायचं! कारण आजीला तसंच जायचं आणि ती म्हणायची आपल्याला जातंच जास्त. ज्या घरात एखादीला जरी असं जातं, तिथे बाकीच्यांचं मापही तिच्यावरूनच ठरतं. पूर्ण पाळीत मिळून साधारण 30-40 मिली रक्त जातं, 80 च्या वर गेलं की जास्त. मिली कोण मोजणार, पण दोन तासांच्या आत पॅड बदलावं लागणं, सातच्या वर दिवस जाणं, मोठ्या गाठी पडणं आणि रात्री त्यासाठी उठावं लागणं यातलं काही दर महिन्याला होत असेल तर ते जास्तच. माझं हिमोग्लोबिन तेव्हा 7.8 निघालं, बायकांना 12 तरी हवं. जिना चढताना धाप लागायची ती मी वजनावर ढकलत होते.

आतली गाठ दुर्बिणीने, खालच्या मार्गाने काढली, पोटावर टाका नाही. भिंतीतली तशीच ठेवली. लोहाच्या गोळ्या घेऊन चार-पाच महिन्यांनी मी माणसात आले.

तुला गाठी होतीलच का? आई किंवा बहिणीला असतील तर शक्यता साधारण दुप्पट धर. तुला पुढेमागे होण्याची शक्यता बरीच आहे, त्रास होण्याची त्याहून कमी.

गाठींमुळे पाळी लवकर गेली का?

हा प्रश्न मी स्वतः डॉक्टरना विचारला होता. नाही. दोन वेगळी यंत्रं आहेत, गाठी पिशवीच्या भिंतीत, पाळीचं घड्याळ अंडाशयात. आपल्या घरात दोन्ही आहेत म्हणून ती एकाच दोरीला बांधलेली आहेत असं नाही, कितीतरी घरांत एकच असतं. मावशीचंच बघ ना.

पण एक वाईट संबंध आहे, गाठी लवकर येणाऱ्या मेनोपॉजला लपवतात. माझं असंच झालं आणि त्यात माझी काही वर्षं गेली.

ऑपरेशननंतर दोन वर्षं बरी गेली. 39 व्या वर्षी माझी 28 दिवसांची पाळी 24-25 दिवसांनी यायला लागली. मला वाटलं थोडी लवकर येतेय, काय बिघडलं. खरं तर काड्या संपत आल्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते, आधी अंतर कमी होतं आणि मग वाढतं. 40 ला एक महिना आलीच नाही आणि पुढच्या महिन्यात धो धो. 41 ला दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचे खंड. दरवेळी मी दाखवायला गेले की जुनी फाईल उघडायची, ‘भिंतीत गाठ आहे ना, त्यानेच होतं’, आणि रक्त थांबायच्या गोळ्या घेऊन मी घरी. घरात तर सगळ्यांना माहितीच, हिला गाठी आहेत.

आता मागे वळून बघताना कळतं की प्रश्न चुकीच्या जागी विचारला जात होता. मी तुला एक ढोबळ खूण सांगते. रक्त किती जातं आणि किती दिवस जातं, हा बहुतेक वेळा पिशवीचा म्हणजे गाठींचा प्रश्न असतो. पाळी कधी येते, अंतर किती, महिना चुकला का, हा अंडाशयाचा. गाठीमुळे रक्त भरपूर जाईल, मधेच डागही पडेल, पण गाठ पाळी तीन महिने गायब करत नाही. पाळी गायब झाली की गाठीला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही. तिथे आधी दिवस गेलेत का बघतात, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन म्हणजे दूध येण्याचं हॉर्मोन, आणि मग अंडाशयाचं. चाळिशीनंतर असं वेडंवाकडं जात असेल तर पिशवीचं आतलं अस्तरही तपासून घेतात, तेही महत्त्वाचं.

माझी शेवटची पाळी 42 ला आली. मी खूश, सुटले म्हटलं. 45 ला साधी घसरून पडले आणि मनगट मोडलं. तुला आठवत असेल, प्लॅस्टरवर तू चित्रं काढली होतीस. हाडांच्या डॉक्टरनी विचारलं पाळी कधी गेली, मी म्हटलं तीन वर्षं झाली, ते म्हणाले मग औषध काय चालू आहे? औषध? पाळी गेली त्याला कसलं औषध, असं माझं उत्तर. तेव्हा कुठे रक्ताची एफएसएच तपासणी झाली. हे मेंदूकडून अंडाशयाला जाणारं हॉर्मोन, म्हणजे मेंदू दार वाजवतो आणि आतून उत्तर आलं नाही की अजून जोरात वाजवतो. माझ्या दारावर ठोकाठोकी चालू होती, आकडा 68. पाळी चालू असताना तो बहुतेक दिवस 10 च्या आतबाहेर असतो. हाडांची घनता मोजायचा डेक्सा स्कॅन केला, तीही कमी.

तुझी 42 ला गेली म्हणजे माझीही 42 लाच?

नाही, तसं घड्याळ लावलेलं नसतं. पाळी जायच्या वयातला ढोबळमानाने निम्मा भाग आनुवंशिक असतो असं जुळ्या बहिणींच्या आणि मायलेकींच्या अभ्यासांतून दिसतं, बाकी इतर गोष्टी. आई आणि मावशी दोघींची 45 च्या आत आपणहून गेली तर तुझी शक्यता इतर मुलींपेक्षा कित्येक पटीने जास्त. पण इतरांची मुळात 100 मध्ये 5, त्यामुळे कित्येक पट म्हटलं तरी ‘होणारच’ असं त्यातून निघत नाही. तुझी 50 लाही जाऊ शकते.

आणि हे जनुक फक्त माझ्याकडून येतात असं थोडंच आहे, अर्धी तू बाबांची आहेस. बाबांच्या बाजूच्या बायकांचं कोणी विचारतच नाही, जणू अंडाशय फक्त आईच्या माहेरून येतात! आत्यांच्या पाळ्या कधी गेल्या हे तितकंच मोजायचं. यात एक खास गोष्ट आहे. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात छोटा बदल असतो, फ्रॅजाइल एक्सचं प्रीम्युटेशन म्हणतात त्याला, तो असलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीचे अंडाशय 40 च्या आधी थकतात. बापाला असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीकडे तो जातो, बापाला मात्र पाळीच नाही त्यामुळे कळणार कसं. त्याच्या खुणा दुसरीकडे दिसतात, घरातला एखादा मुलगा बौद्धिक वाढीत बराच मागे असणं, किंवा एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाचे हात कापणं आणि तोल जाणं. आपल्याकडे 40 च्या आधी कोणाचीच आपणहून गेलेली नाही म्हणून डॉक्टर म्हणाले ती तपासणी आत्ता गरजेची नाही, पण आत्यांकडून काही वेगळं कळलं तर परत विचारू.

ती एएमएचची टेस्ट करून टाकू का?

तू हे विचारणारच, तुझ्या मैत्रिणीने केलीय ना. एएमएच हे वाढीला लागलेल्या छोट्या बीजांच्या आवरणातून निघणारं हॉर्मोन, त्यावरून किती साठा उरलाय त्याचा अंदाज येतो. काडेपेटी कानाशी धरून हलवावी तसं. आवाजावरून भरलेली आहे की रिकामी होत आलीय ते कळतं. 37 काड्या आहेत की 52 ते कळत नाही, आणि त्यातली कुठली काडी पेटेल हे तर अजिबात कळत नाही. बीज चांगलं आहे की नाही हे बऱ्याच अंशी वयावर जातं, साठ्यावर नाही. म्हणून एएमएच कमी आलं म्हणजे मूल होणार नाही असा अर्थ होत नाही, आणि भरपूर आलं म्हणजे पुढची दहा वर्षं निवांत असाही नाही.

तू 29 ची, पाळी नियमित. माझं मत विचारशील तर तुझ्याकडे ही टेस्ट करायला इतर मुलींपेक्षा जास्त कारण आहे, पण ती एकटी करू नकोस, रिपोर्ट वाचून दाखवणारं माणूस आधी ठरव. नुसता आकडा मोबाईलवर आला की रात्रभर जागशील. आणि तू गोळ्या घेतेस, गर्भनिरोधक गोळ्यांनी हा आकडा थोडा खाली दिसतो, ते डॉक्टरना आधीच सांगायचं.

त्या गोळ्यांचंच आणखी एक. गोळ्यांच्या पाकिटात जे रिकामे दिवस असतात त्यात जे येतं ते औषध थांबवल्याने येतं, तुझ्या अंडाशयाने आणलेलं नसतं. आत पेटी रिकामी होत असली तरी ते दर महिन्याला ठरल्या दिवशी येत राहील. म्हणजे वर मी तुला जी खूण सांगितली, अंतर बघायची, ती गोळ्या चालू असताना चालतच नाही. म्हणून गोळ्या बंद करच असं मी म्हणत नाही, गाठी असल्या तर रक्त कमी जायला त्यांची मदतच होते. फक्त मधे कधी थांबवल्यास तर तीन-चार महिन्यांत आपली पाळी आपण येते का आणि किती दिवसांनी, ते लिहून ठेव.

बीजं गोठवायचा विचार तुझा तू कर, मी त्यात ढकलणार नाही आणि अडवणारही नाही. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग सुईने बीजं काढतात. गोठवलेलं प्रत्येक बीज पुढे टिकतं असं नाही, टिकलेल्यातलं प्रत्येक फळतं असंही नाही, त्यामुळे ती हमी समजू नये. तिशीच्या आतबाहेर काढलेली जास्त उपयोगी, हे मात्र खरं. यात गाठींचाही हिशोब येतो. मूल हवं असताना आतली गाठ सापडली तर आधी ती काढतात, आणि भिंतीतली मोठी पोट उघडून काढली तर दिवस राहू द्यायला काही महिने थांबायला सांगतात. दुसरीला ते महिने जड नसतात. पेटी लवकर संपायची शक्यता असेल तर गाठ आधी की बीजं आधी, हा क्रम ऑपरेशनच्या आधी बसून ठरवायचा असतो.

उलट बाजूही सांगते. कोणी तुला म्हणेल ‘तुमच्याकडे लवकरच जाते ना, थांब, मग गाठी आपोआप सुकतील’. मला म्हणाले होते, 36 व्या वर्षी, 7.8 हिमोग्लोबिनवर. सहा वर्षं मी काय रक्त गाळत बसले असते? माझी भिंतीतली गाठ पाळी गेल्यावर 4 ची निम्मी झाली हे खरं, पण वाट बघणं हा उपाय ज्याला त्रास नाही त्याच्यासाठी.

हॉर्मोन घेतलं तर कॅन्सर होतो ना?

मावशी अजून हेच म्हणते आणि म्हणून तिने कधीच घेतलं नाही. ही भीती मुख्यतः 2002 साली आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासापासूनची. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायका त्या. 42 व्या वर्षी पाळी गेलेल्या बाईला ते जसंच्या तसं लावता येत नाही, कारण ती जास्तीचं काही घेत नसते, तिच्या वयाच्या इतर बायकांच्या अंगात जे आपोआप असतं तेच भरून काढत असते. म्हणून लवकर पाळी गेली असेल तर साधारण 50-51 पर्यंत हॉर्मोन द्यावं असं डॉक्टर सांगतात. नाही घेतलं तर हाडं झिजतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या होत असतील, तर हिशोब वेगळा.

पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, आतलं अस्तर जाड होऊन तिथे कॅन्सरचा धोका होतो, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. पिशवी काढलेलीला बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. हॉर्मोनने उरलेली गाठ थोडी वाढू शकते म्हणून माझी वर्षातून एकदा सोनोग्राफी व्हायची, ती वाढली नाही. मी 45 ते 51 घेतलं. वाफा तीन आठवड्यांत थांबल्या. हाडं पूर्वीसारखी झाली नाहीत, पण पुढे झिजायची थांबली. 42 लाच सुरू केलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मी सुटले म्हणून खूश होते.

आता फॉर्मवर काय लिहायचं

पुढच्या वेळी जाशील तेव्हा ‘काही नाही’ खोडून हे लिही, जसंच्या तसं उतरवलंस तरी चालेल:

आई: फायब्रॉइड 36 व्या वर्षी, आतली गाठ दुर्बिणीने काढली. पाळी 42 व्या वर्षी आपणहून बंद. हाडांची घनता कमी, 45 व्या वर्षी मनगट मोडलं.
मावशी: पाळी 41 व्या वर्षी आपणहून बंद. ऑपरेशन नाही, सिगरेट नाही.
आजी, आईची आई: फायब्रॉइडमुळे 38 व्या वर्षी पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढले. पाळी आपणहून कधी गेली असती माहीत नाही.
वडिलांची बाजू: विचारत आहोत.

‘आपणहून’ आणि ‘काढले’ हे शब्द गाळू नकोस, डॉक्टरना वयाइतकेच तेही लागतात. आजीच्या कागदाचा फोटो पाठवतेय, अक्षर लागत नाही पण शेवटची ओळ झूम करून बघ.

मोठ्या आत्याला काल फोन केला. आधी म्हणाली हे काय विचारतेस या वयात, मग अर्धा तास बोलत होती. तिची 51 ला गेली म्हणे. धाकटीला अजून फोन लागत नाहीये, लागला की कळवते.

— आई